आधी चमक, मग दम

सकाळचे साडेआठ. मेडिसिनचा पुरुष वॉर्ड, खाट नंबर सात. खाटेवर बत्तीस वर्षांचा एक माणूस उशी पोटाशी धरून बसलेला आणि खाटेच्या पायथ्याशी तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी वही छातीशी धरून उभी. राऊंड येऊन थांबला. ‘हं, सांग,’ मी म्हणालो.

‘सर, प्लुरल इफ्यूजन म्हणजे फुफ्फुसाच्या दोन आवरणांमधल्या जागेत पाणी साठणं. त्याचे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकाराची कारणं…’

‘थांब. या दादांना काय होतंय ते सांग.’

तिनं पान उलटलं. पुढच्या पानावर कारणांची यादी होती. हृदय कमजोर होणं, यकृताचा सिरॉसिस, मूत्रपिंडाचा विकार, न्यूमोनिया, क्षय, कर्करोग, अशी एकूण सतरा. वहीतलं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. ते मला पक्कं माहीत होतं, कारण ते लेक्चर मीच दिलं होतं. तरीही त्या वहीत सात नंबरच्या खाटेवरचा माणूस कुठेच नव्हता.

दर वर्षी, दर बॅचला हा प्रसंग घडतो. वर्गात टिपून घेतलेलं ज्ञान वॉर्डात ‘केस’ म्हणून मांडायचं, हे वैद्यकीय शिक्षणातलं पहिलं खरं वळण. बाहेरच्याला वाटतं की वहीतलं पाठ केलं आणि पेशंटचं नाव वर घातलं की झालं. तसं होत नाही, कारण वही आणि केस या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट दिशेनं चालतात. ते कसं, हे याच एका केसवरून पाहू. (सात नंबरचे दादा म्हणजे कुणी एक माणूस नाही. अशा अनेकांना जोडून मी त्यांना इथे उभं केलं आहे.)

वहीची वाट आणि केसची वाट

वहीत सगळ्यात वर रोगाचं नाव असतं. खाली व्याख्या, मग कारणं, लक्षणं, तपासणीत काय सापडतं, चाचण्या, उपचार. म्हणजे वहीला उत्तर आधीच माहीत असतं आणि ती तिथून खाली उतरत जाते. पेशंट मात्र नाव सांगत येत नाही. तो म्हणतो, ‘जिना चढलो की दम लागतोय.’ केस सांगणाऱ्याला त्या एका वाक्यापासून वर चढत नावापर्यंत पोचायचं असतं.

या चढणीचे टप्पे ठरलेले आहेत. आधी हिस्ट्री, म्हणजे पेशंटची हकिकत. मग हातानं, डोळ्यांनी, कानांनी केलेली तपासणी. मग निदान. शेवटी पुढे काय करायचं त्याचा बेत. लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरनं १९६८मध्ये रुग्णाच्या कागदपत्रांसाठी अशीच शिस्त मांडली. रुग्णानं सांगितलेलं एकीकडे, डॉक्टरला सापडलेलं दुसरीकडे, मग त्यावरचा विचार आणि मग बेत. आज जगभरच्या केसपेपरांवर या शिस्तीची छाया दिसते. तिच्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे सांगितलेलं, सापडलेलं आणि मनातलं यांची सरमिसळ करायची नाही.

मग वही फाडून टाकायची का? मुळीच नाही. वहीतली प्रत्येक ओळ उलटी करून तिचा प्रश्न बनवायचा. ‘हृदय कमजोर असेल तर छातीत पाणी साठतं’ या ओळीचा प्रश्न होतो, ‘दादा, रात्री आडवं झाल्यावर दम वाढतो का? पायावर सूज येते का?’ सतरा कारणांचे असे प्रश्न तयार झाले की वही कामाला लागली. उत्तरं मात्र पेशंटकडूनच येतात आणि केस त्या उत्तरांची बनते.

मी त्या मुलीला वही मिटायला सांगितली आणि म्हटलं, ‘दादांजवळ बस. आणि पहिला प्रश्न एवढाच विचार, सगळ्यात आधी काय झालं?’

हकिकत: क्रम हरवला की रोग हरवतो

दादा इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला. त्यांनी सांगितलं ते असं. ‘महिना झाला असेल ताई. मागावर बीम चढवताना उजवीकडं उसण भरली. श्वास घेतला की चमक मारायची. खोकलो तरी कळ यायची. बाम चोळला, एकाकडनं मालिश करून घेतली. आठ-दहा दिवसांत उसण उतरली. पण मग दम लागायला लागला. आता जिना चढवत नाही. आणि संध्याकाळचं अंगात कणकण असते.’

तिनं लिहून घेतलं: ‘एक महिन्यापासून ताप, छातीत दुखणं, दम, पाठदुखी.’

चार शब्द, चारही तसे खरे. पण दादांनी जे मोलाचं सांगितलं होतं, ते या ओळीतून गळून गेलं होतं. आधी दुखणं होतं, ते थांबलं आणि मग दम सुरू झाला. हा क्रम म्हणजेच अर्धं निदान आहे.

फुफ्फुसाभोवती दोन पातळ आवरणं असतात. एक फुफ्फुसाला चिकटलेलं, दुसरं बरगड्यांना आतून. श्वासागणिक ती एकमेकांवरून घसरतात. त्यांना सूज आली की ती खरखरीत होतात आणि प्रत्येक श्वासाला चमक मारते. पुढे त्यांच्यामध्ये पाणी साठू लागलं की दोन्ही आवरणं एकमेकांपासून दूर होतात. घर्षण थांबतं, दुखणंही थांबतं. पेशंटला वाटतं, बरं वाटलं. मालिश करणाऱ्यालाही श्रेय मिळून जातं. पण पाणी वाढतच असतं. ते फुफ्फुसाला दाबू लागलं की दम लागतो. म्हणजे दादांची उसण उतरली नव्हती, ती पाण्यात बुडाली होती.

म्हणून तक्रारी लिहिताना प्रत्येकीपुढे तिचा कालावधी आणि तिची जागा हवी. उजव्या छातीत श्वासाबरोबर चमक, चार आठवड्यांपूर्वी सुरू, दहा दिवसांत कमी. चालताना दम, तीन आठवडे, वाढता. संध्याकाळचा बारीक ताप, चार आठवडे. इथे शब्दांकडेही लक्ष द्यावं लागतं. दादांची ‘उसण’ विद्यार्थिनीनं ‘पाठदुखी’ केली आणि केस हाडांच्या वॉर्डाकडे वळली. ‘चमक’ म्हणजे श्वासाशी बांधलेली, टोचणारी, क्षणाची कळ. त्यासाठी इंग्रजी पुस्तकांत लांबलचक शब्द आहे, आपल्याकडे हा तीन अक्षरांचा आहे आणि तो अधिक नेमका आहे. ‘कणकण’ म्हणजे थंडी वाजून भरणारा ताप नव्हे, हेही मराठी बोलणाऱ्या पेशंटला ठाऊक असतं. पेशंटचा शब्द आधी जसाच्या तसा टिपावा, त्याचं वैद्यकीय भाषांतर नंतर करावं.

यानंतर वहीतल्या यादीचा खरा उपयोग. आता विचारायचं ते ‘नाही’ ऐकण्यासाठी. रात्री उशा लावून झोपावं लागतं का? नाही. पायावर सूज? नाही. म्हणजे हृदय मागे पडलं. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला, लघवीला फेस? नाही. मूत्रपिंड मागे पडलं. दारू, कावीळ, पोट फुगणं? नाही. यकृत मागे पडलं. एकाएकी थंडी वाजून मोठा ताप, गंजासारखा बेडका? नाही. साधा न्यूमोनिया मागे पडला. थुंकीतून रक्त? नाही. विडी? ‘कधीतरी, दोस्तांबरोबर.’ वय बत्तीस. कर्करोग यादीत राहिला, पण खाली गेला.

यातल्या एकेका ‘नाही’नं वहीतलं एक कारण खोडलं गेलं. विद्यार्थी बहुधा फक्त ‘आहे’ सांगतात, कारण वहीत रोगाची लक्षणंच दिलेली असतात, नसलेली कुणी देत नाही. राऊंडवर मात्र नेमके निवडलेले सहा ‘नाही’ ऐकले की पुढच्यानं विचार केला आहे हे लगेच कळतं. याउलट ‘डोकेदुखी नाही, जुलाब नाही, फिट नाही’ अशी सगळ्या अंगाची जंत्री वाचली, की फॉर्म भरल्याचं कळतं.

कामाचा प्रश्नही असाच वहीतून आला. कापसाच्या धुळीनंही छातीचा आजार होतो. त्यात सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते. दादांना तसं कधी झालं नव्हतं. मग घरचं विचारताना ते सहज म्हणाले, ‘खोलीत आम्ही पाच जण राहतो. त्यातल्या एकाचा मागल्या वर्षी टीबीचा कोर्स झाला.’ भूक मंदावलीय, पँट ढिली झालीय, असंही सांगितलं. वर्षभरापूर्वीच्या रक्तदान शिबिराच्या कार्डावर वजन ५३ किलो होतं. वॉर्डातल्या काट्यावर ४८ भरलं. ‘वजन कमी झालंय’ या विधानाला असा एखादा जुना कागद मिळाला, तर त्याचा पुरावा होतो.

तपासणी: बोटांनी ऐकायचं

दादांचा छातीचा एक्स-रे आदल्या दिवशी ओपीडीतच काढलेला होता आणि तो विद्यार्थिनीनं पाहिला होता. इथे एक मोठा सापळा असतो. एक्स-रेवर पाणी दिसलं की वहीत जे जे लिहिलंय ते ते छातीवर ‘सापडू’ लागतं. तिनं सांगितलं, ‘श्वासनलिका डावीकडे सरकलेली, उजवीकडे ठोकल्यावर बद्द आवाज, श्वासाचे आवाज कमी.’ अगदी पुस्तकाबरहुकूम. मी विचारलं, ‘बद्द आवाज पुढून कुठे सुरू होतो?’

ती थबकली. मग म्हणाली, ‘पाचव्या बरगडीच्या खाली.’

‘ते तर माझ्याही छातीवर सापडेल.’

उजव्या बाजूला पुढून, कॉलरबोनच्या मध्यापासून सरळ खाली उतरत गेलं, तर साधारण पाचव्या बरगडीखालच्या जागेपासून प्रत्येक धडधाकट माणसात आवाज बद्द होतो, कारण तिथे यकृत सुरू होतं. उजव्या बाजूचं पाणी दाखवायचं तर त्याच्या वर, शिवाय काखेत आणि पाठीवरही बद्द आवाज दाखवावा लागतो. तपासणी खरंच केलीय की वहीतून उचललीय, हे असं कळतं. खऱ्या तपासणीला ठिकाण असतं, हद्द असते.

मग तिनं खरोखर तपासलं. क्रम ठरलेला आहे. बघायचं, हात लावायचा, ठोकायचं आणि शेवटी ऐकायचं.

बघितलं. मिनिटाला श्वास २६, साधारणपणे बारा ते वीस असतात. उजवी बाजू डावीपेक्षा कमी उचलली जात होती. हात लावला. गळ्याच्या खोबणीत बोट ठेवून श्वासनलिका चाचपली, ती किंचित डावीकडे सरकलेली. म्हणजे उजवीकडून काहीतरी ढकलत होतं. फुफ्फुस आक्रसलं असतं तर नलिका त्याच बाजूला ओढली गेली असती. एवढ्या एका बोटानं दोन आजार वेगळे होतात.

मग ठोकणं. ही युक्ती लिओपोल्ड आउएनब्रुग्गर या ऑस्ट्रियन डॉक्टरनं १७६१मध्ये छापून मांडली. त्याचे वडील खानावळ चालवत. पिंपावर टिचक्या मारून आत दारू किती हे ओळखतात, ते त्यानं लहानपणी पाहिलेलं असणार, असं सांगतात. आपल्याकडे माठ घेताना किंवा कलिंगड निवडताना आपण तेच करतो. डाव्या हाताचं मधलं बोट बरगड्यांमधल्या खाचेत घट्ट ठेवायचं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटानं त्यावर मनगटातून हलकेच ठोकायचं. हवेवर आवाज पोकळ येतो. पाण्यावर तो दगडावर ठोकल्यासारखा मरतो आणि खालच्या बोटाला एक प्रकारचा कठीणपणा जाणवतो. दादांच्या उजव्या बाजूला पुढून तिसऱ्या बरगडीखालीच आवाज मेला. काखेतही मेला. पाठीवर खांद्याच्या फऱ्याच्या मध्यापासून खाली सगळीकडे मेला. आता ते यकृत असणं शक्य नव्हतं.

शेवटी ऐकणं. स्टेथोस्कोप १८१६मध्ये रेने लेनेक यानं पॅरिसमध्ये शोधला, पहिला तर नुसत्या कागदाच्या गुंडाळीचा होता. दादांच्या त्या बद्द भागावर श्वासाचे आवाज जवळजवळ नव्हतेच. मग तिनं त्यांना ‘एक, एक, एक’ म्हणायला लावलं. डावीकडे आवाज स्टेथोस्कोपमधून घुमत आला, उजवीकडे तो दुरून, भिंतीपलीकडून आल्यासारखा लागला.

या शेवटच्या खुणेवर थोडं थांबायला हवं, कारण न्यूमोनियातही ठोकल्यावर आवाज बद्दच येतो. फरक बोलण्यात पडतो. न्यूमोनियात फुफ्फुस घट्ट होतं आणि घट्ट फुफ्फुसातून आवाज जास्त चांगला वाहतो, म्हणून ‘एक, एक’ कानात मोठं ऐकू येतं. इथे मात्र फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये पाण्याचा थर आहे. बराचसा आवाज त्या थरावरून परत फिरतो आणि कानाशी कमी पोचतो. बद्द अधिक मोठा आवाज, तर न्यूमोनिया. बद्द अधिक कमी आवाज, तर पाणी. वहीत या दोन ओळी दोन वेगळ्या पानांवर असतात, पण वॉर्डात त्या शेजारी शेजारी ठेवल्या तरच उपयोगी पडतात.

लोक म्हणतात, ‘फुफ्फुसात पाणी झालंय.’ पाणी फुफ्फुसात नाही, फुफ्फुसाबाहेर आहे, हे या तपासणीतून कळतं.

निदान: तीन मजली वाक्य

आता नाव द्यायची वेळ. इथे विद्यार्थी दोन प्रकारे चुकतात. एक जण नुसतं ‘प्लुरल इफ्यूजन’ म्हणून थांबतो. दुसरा एकदम ‘टीबी’ म्हणून उडी मारतो. पहिल्यानं जागा सांगितली, कारण नाही. दुसऱ्यानं कारण सांगितलं, पण मधल्या पायऱ्या गाळल्या.

चांगल्या निदानाला तीन मजले असतात. कुठे? उजव्या बाजूच्या आवरणांमध्ये. काय? मध्यम प्रमाणात पाणी, आणि तेही सुजेतून पाझरलेलं असावं, कारण सुरुवात ताप आणि चमकेनं झाली. कशामुळे? बहुधा क्षय, कारण वय तरुण, महिनाभराची रेंगाळती कणकण, उतरलेलं वजन आणि खोलीत क्षयाचा पेशंट. त्याच्यामागे दुसऱ्या शक्यता त्यांच्या क्रमानं सांगायच्या. न्यूमोनियामागून आलेलं पाणी: शक्य, पण आजार इतका संथ चालत नाही. कर्करोग: वयामुळे खाली, पण पाणी तपासल्याशिवाय खोडायचा नाही. वहीतल्या सतरा कारणांपैकी तोंडी आली तीन, बाकीची चौदा हकिकतीनं आणि तपासणीनं गळाली. ती का गळाली हे विचारलं तर सांगता आलं पाहिजे, विचारल्याशिवाय सांगायची गरज नाही.

‘बहुधा’ हा शब्दही मुद्दाम आहे. राऊंडवरचं निदान हा अंदाज असतो. तो किती पक्का आहे आणि कशानं बदलेल, हे सांगणाऱ्याला माहीत असायला हवं.

बेत: औषधांची यादी नव्हे

वहीतलं उपचारांचं पान जसंच्या तसं वाचून दाखवणं ही शेवटची चूक. बेत याच माणसासाठी हवा आणि प्रत्येक पायरीला ‘असं निघालं तर हे, तसं निघालं तर ते’ असा फाटा हवा.

दादांसाठी पहिली पायरी पाणी काढण्याची, तपासायलाही आणि दम कमी करायलाही. सुई पाठीतून, बद्द जागेत, खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला चिकटून घालायची, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिनी आणि नस धावते. एका वेळी साधारण दीड लिटरच्या पुढे जायचं नाही. दबलेलं फुफ्फुस घाईनं फुललं तर त्यालाच सूज येऊ शकते. काढताना पेशंटला खोकल्याची उबळ आली किंवा छाती आवळली तर तिथेच थांबायचं. दादांचं ९०० मिलिलिटर निघालं, पेंढ्याच्या रंगाचं.

प्रयोगशाळेतून पहिलं उत्तर हवं ते हे की पाणी सुजेचं आहे की नुसतं पाझरलेलं. यासाठी १९७२पासून रिचर्ड लाइट यांचे निकष वापरतात. त्यातला एक सोपा आहे. पाण्यातलं प्रथिन रक्तातल्या प्रथिनाच्या निम्म्याहून जास्त असेल, तर पाणी सुजेचं. दादांच्या पाण्यात ५.१ ग्रॅम होतं, रक्तात ६.८. म्हणजे पाऊणपट. पेशींपैकी नव्वद टक्के लिंफोसाइट, म्हणजे जुनाट सुजेच्या पेशी. एडीए नावाचं एन्झाइम ७२, चाळीसच्या वर गेलं की क्षयाचा संशय बळावतो. पू झाला असतानाही एडीए वाढतं, पण त्यात दुसऱ्या जातीच्या पेशी भरलेल्या असतात. म्हणून हे दोन आकडे एकत्रच वाचायचे. पाण्याच्या जनुकीय तपासणीत क्षयाचा जंतू सापडला नाही. यानं घरच्यांचा गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगायला हवं. या पाण्यात जंतू मुळातच फार थोडे असतात. सापडला तर पक्का पुरावा, पण सापडला नाही म्हणून क्षय नाही असं म्हणता येत नाही.

पाणी रक्ताळलेलं निघालं असतं किंवा एडीए कमी आलं असतं, तर बेताचा दुसरा फाटा घ्यावा लागला असता. पाण्यातल्या पेशींत कर्करोग शोधणं, सीटी स्कॅन, गरज पडली तर आवरणाचा तुकडा तपासणं. तो फाटा विद्यार्थिनीनं आधीच सांगून ठेवला होता. मला सगळ्यात जास्त तेच आवडलं.

तिसरी पायरी उपचार. सहा महिने रोज गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधं एकाच गोळीत, पुढचे चार महिने तीन औषधं. गोळ्या वजनावर ठरतात. दादांच्या ४८ किलोला रोज तीन, आणि वजन वाढलं की हिशेब पुन्हा करायचा. सुरू करण्याआधी साखर, एचआयव्ही आणि यकृताच्या चाचण्या. खोकला कोरडा असला तरी बेडका मिळवून तपासायचा, कारण फुफ्फुसातही क्षय असेल तर घरातल्यांचा धोका वाढतो. लघवी नारिंगी होईल, त्याला घाबरायचं नाही. डोळे पिवळे झाले किंवा रंग ओळखायला त्रास झाला, तर मात्र त्याच दिवशी यायचं.

शेवटचा भाग वहीत बहुतेक वेळा नसतो. भारतात क्षयाची नोंद सरकारकडे करणं २०१२पासून बंधनकारक आहे. नोंद झाली की उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला पैसे बँक खात्यात येतात. आधी ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४पासून १००० आहेत. त्यासाठी खातं हवं. दादांचं खातं गावाकडचं, पासबुक आईकडे. खोलीतल्या उरलेल्या चौघांची तपासणी हवी. आणि सुपरवायझर किती दिवस सुट्टी देतो हे विचारायला हवं, नाहीतर दम कमी झाला की दादा गोळ्या सोडून मागावर परततील. जसे ते उसण उतरल्यावर परतले होते.

दोन मिनिटांची केस

दुसऱ्या दिवशी राऊंडला वही टेबलावरच होती. ती बोलली ते वॉर्डाच्या रिवाजाप्रमाणे इंग्रजीत. मराठीत ते साधारण असं होतं:

‘इचलकरंजीचे बत्तीस वर्षांचे यंत्रमाग कामगार. चार आठवड्यांपूर्वी उजव्या छातीत श्वासाबरोबर चमक, दहा दिवसांत ती कमी झाली, त्यानंतर तीन आठवडे वाढता दम. सोबत संध्याकाळी बारीक ताप, कोरडा खोकला, वर्षात पाच किलो वजन कमी. आडवं झाल्यावर दम वाढत नाही, अंगावर सूज नाही, कावीळ नाही, थुंकीतून रक्त नाही. खोलीतल्या सोबत्याचा मागल्या वर्षी क्षयाचा उपचार झाला. तपासणीत ताप १००.८, नाडी १०४, श्वास २६, ऑक्सिजन ९४ टक्के. श्वासनलिका डावीकडे. उजवीकडे पुढून तिसऱ्या बरगडीखाली, काखेत आणि पाठीवर दगडी बद्द आवाज, श्वासाचे आणि बोलण्याचे आवाज कमी. उजव्या बाजूला आवरणांमध्ये मध्यम पाणी, सुजेचं, बहुधा क्षयाचं. न्यूमोनिया आणि कर्करोग या दुसऱ्या शक्यता, पाण्याच्या तपासणीतून त्या पडताळल्या. पाणी सुजेचं, लिंफोसाइट नव्वद टक्के, एडीए बहात्तर. आज औषध सुरू करतोय, नोंद केली, खोलीतल्यांना उद्या बोलावलंय.’

दोन मिनिटांच्या आत संपलं. लेक्चरमधलं जवळजवळ सगळं त्यात होतं, पण सांगणारे दादा होते. मी एकच प्रश्न विचारला, ‘औषध लागू पडतंय हे कशावरून ओळखशील?’ ती म्हणाली, ‘दोन-तीन आठवड्यांत कणकण थांबायला हवी, वजन चढायला हवं. नाही झालं तर निदान पुन्हा तपासायचं.’

ज्यांना कधी सात नंबरच्या खाटेवर बसावं लागेल, त्या वाचकांसाठी एक सांगणं. शिकणाऱ्या पोरापोरींनी तेच प्रश्न तिसऱ्यांदा विचारले तर वैतागू नका. तिसऱ्या वेळीच एखाद्याला खोलीतल्या सोबत्याचा टीबी आठवतो. काय होतंय हे आपल्याच शब्दांत सांगा, आधी काय झालं आणि मग काय झालं या क्रमानं सांगा. जे दुखणं आपोआप थांबलं, तेही सांगायला विसरू नका.